टक्क्यांचा ताळा: उतरवलेल्या कोष्टकाची बेरीज शंभर कशी राखावी

सरकारी अहवालातले कोष्टक आपण प्रबंधात, स्मरणिकेत किंवा पुस्तकात उतरवून घेता. ओळी नीट टाइप होतात, पण टक्क्यांचा स्तंभ मिळवून पाहिला की बेरीज ९९.९ येते किंवा १००.०२ येते. अशा वेळी बहुतेक जण एखाद्या ओळीतला शेवटचा अंक हळूच बदलतात आणि बेरीज जुळवून टाकतात. तसे करण्याआधी एक गोष्ट शोधावी लागते. हा फरक राउंडिंगचा आहे, म्हणजे दशांश जवळच्या अंकापर्यंत आणल्यामुळे पडला आहे, की आपल्या हातून अंक चुकला आहे? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पुढे दिलेला क्रम पाळल्यास दोन्ही शक्यता वेगळ्या करता येतात.

उदाहरण म्हणून २०११ च्या जनगणनेतील धर्मनिहाय लोकसंख्या घेऊ. ही आकडेवारी ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. संपूर्ण भारताचे आकडे असे आहेत:

| समुदाय | लोकसंख्या | टक्के |
|---|---:|---:|
| हिंदू | ९६,६२,५७,३५३ | ७९.८० |
| मुस्लिम | १७,२२,४५,१५८ | १४.२३ |
| ख्रिश्चन | २,७८,१९,५८८ | २.३० |
| शीख | २,०८,३३,११६ | १.७२ |
| बौद्ध | ८४,४२,९७२ | ०.७० |
| जैन | ४४,५१,७५३ | ०.३७ |
| इतर धर्म व पंथ | ७९,३७,७३४ | ०.६६ |
| धर्म न नोंदवलेले | २८,६७,३०३ | ०.२४ |
| एकूण | १,२१,०८,५४,९७७ | १००.०० |

लोकसंख्येचा स्तंभ मिळवला तर एकूण आकडा तंतोतंत येतो. टक्क्यांचा स्तंभ मिळवला तर मात्र १००.०२ येतात. तरीही या कोष्टकात एकही चूक नाही. ते कसे, हे पुढच्या पायऱ्यांतून स्पष्ट होईल.

१. आपण नक्कल करत आहात की नवी मांडणी, हे आधी ठरवा

मूळ कोष्टक जसेच्या तसे देणे आणि मूळ संख्यांवरून स्वतःचे कोष्टक तयार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. जसेच्या तसे देत असाल, तर छापील टक्का बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुळात १४.२३ असेल तर आपल्याकडेही १४.२३ च राहील, मग बेरीज काहीही येवो. मुळात उघड छपाईदोष दिसला, तरी आकडा तसाच ठेवून तळटीपेत तो नोंदवावा.

स्वतःची मांडणी करत असाल, म्हणजे काही ओळी एकत्र करत असाल, दशांश कमी करत असाल किंवा एखादी ओळ वगळत असाल, तर टक्के आपण नव्याने काढायचे असतात. त्या वेळी कोष्टकाखाली ‘जनगणना २०११ च्या आकड्यांवरून टक्के काढले आहेत’ असे लिहावे. अर्धे टक्के छापील आणि अर्धे स्वतः काढलेले, असे मिश्रण मात्र करू नये. बेरीज न जुळण्याचे ते एक नेहमीचे कारण असते आणि ते नंतर शोधून काढणे फार जिकिरीचे होते.

२. टक्क्यांना हात लावण्याआधी संख्यांचा ताळा पाहा

मूळ संख्या पूर्ण असतात, त्यांत राउंडिंग नसते. म्हणून त्यांची बेरीज एकूण आकड्याशी शेवटच्या एककापर्यंत जुळलीच पाहिजे. एकाचा जरी फरक आला तरी कुठेतरी अंक चुकला आहे, असे समजावे. स्प्रेडशीटमध्ये संख्या B2 ते B9 मध्ये आणि एकूण B10 मध्ये असेल, तर एवढे सूत्र पुरते:

```
=SUM(B2:B9)-B10
```

उत्तर शून्य आले पाहिजे. B10 मधला एकूण आकडा मात्र मूळ कोष्टकातून टाइप केलेला असावा. तो स्प्रेडशीटकडूनच बेरीज करून घेतलेला असेल, तर उत्तर नेहमीच शून्य येईल आणि ताळा निरर्थक ठरेल.

शून्य आले नाही, तर आलेल्या फरकाला ९ ने भागून पाहा. समजा बौद्ध लोकसंख्या ८४,४२,९७२ ऐवजी ८४,४९,२७२ अशी टाइप झाली. फरक ६,३०० येईल. त्याला ९ ने भागले की ७०० येतात. फरक ९ ने नि:शेष जात असेल, तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता मोठी असते. भागाकारातला ७ सांगतो की त्या दोन अंकांमध्ये ७ चा फरक आहे, आणि मागची दोन शून्ये सांगतात की अदलाबदल शतक आणि हजार या स्थानांवर झाली आहे. त्या स्थानांवर ७ चा फरक असलेले अंक, इथे ९ आणि २, ज्या ओळीत शेजारी आहेत ती शोधली की चूक सापडते. हिशेबनीस ही युक्ती फार पूर्वीपासून वापरत आले आहेत.

फरक ९ ने जात नसेल, तर एखादा अंक चुकीचा वाचला गेला असावा. देवनागरी छपाईत १ आणि ९, इंग्रजी छपाईत ३ आणि ८ किंवा १ आणि ७ यांची गल्लत वारंवार होते. फरक १, १०, १०० अशा स्थानांच्या एकाच पटीत असेल, तर कोणत्या स्थानावरचा अंक तपासायचा हेही त्यातून कळते.

हा ताळा वगळून थेट टक्क्यांकडे वळू नये. वरच्या उदाहरणातील चुकीच्या ८४,४९,२७२ चा टक्का काढला तरी तो ०.७० च येतो. ६,३०० माणसांची चूक दोन दशांशांत दिसतच नाही. टक्का बरोबर आला म्हणून संख्या बरोबर आहे, असे म्हणता येत नाही.

३. टक्के कशाचे आहेत, ते पाहा

प्रत्येक टक्क्याला एक पाया असतो, म्हणजे ज्या एकूण संख्येने भागायचे ती संख्या. जनगणनेच्या या कोष्टकात पाया संपूर्ण लोकसंख्येचा आहे आणि ‘धर्म न नोंदवलेले’ २८,६७,३०३ लोक त्यात धरलेले आहेत. ही ओळ बिनमहत्त्वाची वाटून आपण गाळली, तर उरलेल्या सात टक्क्यांची बेरीज ९९.७८ होईल. इथे राउंडिंगचा दोष नाही, एक अख्खी ओळच कमी आहे.

ती ओळ गाळायचीच असेल, तर पाया १,२०,७९,८७,६७४ धरून सर्व टक्के नव्याने काढावे लागतील. मग हिंदूंचा टक्का ७९.८० ऐवजी ७९.९९ होतो आणि मुस्लिमांचा १४.२३ ऐवजी १४.२६. दोन्ही पद्धती चालतात, परंतु एका कोष्टकात एकच पाया हवा आणि तो शीर्षकात लिहिलेला हवा.

काही कोष्टकांची बेरीज शंभर होणे अपेक्षितच नसते, हेही इथेच ओळखून घ्या. घरात रेडिओ, दूरदर्शन संच, सायकल, दूरध्वनी यांपैकी काय आहे हे सांगणाऱ्या जनगणनेच्या कोष्टकात एकच कुटुंब अनेक रकान्यांत मोजले जाते. तिथले टक्के मिळवून काही अर्थ निघत नाही. तसेच ‘पैकी ग्रामीण’, ‘पैकी स्त्रिया’ अशा पोटओळी मुख्य ओळींसोबत मिळवल्या, तर तीच माणसे दोनदा मोजली जातात. बेरीज १०० पेक्षा बरीच जास्त आली की आधी पोटओळी शोधाव्यात.

४. प्रत्येक टक्का संख्येवरून पुन्हा काढा

संख्यांचा ताळा जमला आणि पाया निश्चित झाला की शेजारच्या स्तंभात टक्के नव्याने काढा आणि छापील टक्क्यांशी ओळीओळीने ताडून पाहा. सूत्र असे:

```
=B2/B$10*100
```

यात मुद्दाम चार-पाच दशांश दिसू द्यावेत. आपल्या कोष्टकात हिंदू ७९.७९९६, मुस्लिम १४.२२५१, ख्रिश्चन २.२९७५, शीख १.७२०५, बौद्ध ०.६९७३, जैन ०.३६७७, इतर ०.६५५५ आणि न नोंदवलेले ०.२३६८ असे येतात. हे दोन दशांशांवर आणले की छापील टक्के जसेच्या तसे मिळतात.

आता १००.०२ चे कोडे सुटते. आठांपैकी सात ओळींत टक्का वरच्या बाजूला सरकला आहे आणि फक्त शीख ही एकच ओळ खाली आली आहे. मुस्लिमांचा १४.२२५१ तर १४.२२ आणि १४.२३ यांच्या जवळपास मध्यावर आहे आणि केसभराने वर गेला आहे. प्रत्येक ओळ आपापल्या जागी अचूक आहे, पण सातही जणींनी थोडे-थोडे जास्त घेतल्यामुळे बेरजेत दोन शतांश साठले.

ओळीओळीने ताडण्याला पर्याय नाही, कारण बेरीज फसवते. समजा जैनांचा ०.३७ आपण चुकून ०.३५ टाइप केला, तर टक्क्यांची बेरीज नेमकी १००.०० येते. बरोबर कोष्टकाची बेरीज १००.०२ आणि चुकीच्या कोष्टकाची १००.००! म्हणून शंभर आले यावर समाधान मानू नये.

५. किती फरक राउंडिंगचा मानायचा, त्याची मर्यादा काढा

कित्येकदा मूळ अहवालात फक्त टक्के असतात, संख्या नसतातच. मग चौथी पायरी करता येत नाही. अशा वेळी मर्यादेचा हिशेब उपयोगी पडतो. दोन दशांशांपर्यंत राउंड केलेल्या कोणत्याही टक्क्यात जास्तीत जास्त ०.००५ इतका फरक असू शकतो. आठ ओळी असतील तर सगळ्यांचा मिळून ०.०४. म्हणजे बेरीज ९९.९६ ते १००.०४ या पट्ट्यात असेल, तर राउंडिंगने तसे होऊ शकते. पट्ट्याबाहेर गेली तर कुठेतरी अंक नक्की चुकला आहे. १४.२३ चे १४.३२ झाले तर बेरीज १००.११ होते आणि चूक ताबडतोब पकडली जाते.

ओळी जास्त असतील तर हा पट्टा फार रुंद होतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या ३५ जिल्ह्यांचे टक्के एका दशांशात दिले असतील, तर मर्यादा ३५ गुणिले ०.०५, म्हणजे १.७५ इतकी निघते. प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही, कारण काही ओळी वर सरकतात, काही खाली, आणि बरेचसे कटून जाते. नेहमी पडणाऱ्या फरकाचा अंदाज हवा असेल, तर ओळींच्या संख्येला १२ ने भागून वर्गमूळ काढा. उत्तर शेवटच्या दशांश स्थानाच्या एककांत येते. ३५ ओळींसाठी ते सुमारे १.७ येते, म्हणजे एका दशांशाच्या कोष्टकात ०.१७. याच्या दुपटीपर्यंतचा फरक नेहमीचा समजावा, तिपटीच्या पुढे गेला तर मूळ पान पुन्हा उघडावे.

आठ ओळींसाठी हाच अंदाज ०.००८ येतो. म्हणजे आपल्या कोष्टकातला ०.०२ चा फरक दुपटीच्याही थोडा पुढचा आहे. तो कमी वेळा दिसणारा आहे, पण अशक्य नाही. असा मधला फरक आला की मर्यादेवर विसंबून पुढे जाऊ नये. संख्या मिळत असतील तर चौथी पायरी करूनच निर्णय घ्यावा.

६. राउंडिंग एकदाच करा, तेही शेवटी

दोन दशांशांचे छापील टक्के घेऊन त्यांचे एक दशांशात रूपांतर करण्याचा मोह होतो. त्यातून चूक कशी शिरते, ते महाराष्ट्राच्याच आकड्यांवरून पाहू. २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती आणि त्यात १४,००,३४९ जैन होते. टक्का १.२४६ येतो. दोन दशांशांत तो १.२५ छापला जातो, आणि ते बरोबरच आहे.

आता १.२५ वरून एक दशांश करू गेलो, तर शाळेत शिकवलेल्या नियमाने १.३ होतात. मूळ १.२४६ वरून थेट केले तर १.२. खरे उत्तर १.२ आहे. राज्याच्या आठही ओळी थेट संख्यांवरून एक दशांशात आणल्या तर बेरीज १००.० येते. छापील दोन दशांशांवरून आणल्या तर जैनांच्या त्या एका ओळीमुळे ती १००.१ होते. बेरीज बिघडवणारी चूक इथे मुळात नव्हती, दुसऱ्यांदा राउंड केल्यामुळे ती तयार झाली.

यात आणखी एक बारकावा आहे. नेमके मध्यावर असलेले ५ वर न्यायचे की खाली, याबाबत सर्व प्रणाली एकमताच्या नाहीत. एक्सेलचे `ROUND` १.२५ चे १.३ करते. पायथनमधले `round` मात्र अशा वेळी सम अंकाकडे जाते, म्हणून १.२५ चे १.२ आणि ०.२५ चे ०.२ करते. महाराष्ट्रातील ‘धर्म न नोंदवलेले’ २,८६,२९० आहेत, त्यांचा टक्का ०.२५४८ आणि छापील रूप ०.२५. एक्सेलने त्याचे ०.३ होतात, जे बरोबर आहे. पायथनने ०.२ होतात, जे चूक आहे. जैनांच्या ओळीत नेमके उलटे घडते. म्हणजे छापील टक्क्यांवरून सुरुवात केली तर कोणतेही साधन सर्व ओळी बरोबर देत नाही. मूळ संख्येवरून थेट काढले की नेमका मध्य क्वचितच येतो आणि हा वाद उद्भवतच नाही.

स्प्रेडशीटमध्ये ‘दिसणारा’ आकडा आणि ‘असलेला’ आकडा यांतही फरक असतो. रकान्याला दोन दशांशांचे स्वरूप दिले, तरी आत पूर्ण दशांश शिल्लक असतात. त्यामुळे खालची बेरीज १००.०० दाखवते आणि वाचकाने दिसणारे आकडे मिळवले तर १००.०२ येतात. वाचकाला जे दिसणार आहे त्याची बेरीज आपल्याला आधी दिसावी, म्हणून टक्के C2 ते C9 मध्ये असताना हे सूत्र एका बाजूच्या रकान्यात ठेवा:

```
=SUMPRODUCT(ROUND(C2:C9,2))
```

७. लाख-कोटींत दिलेल्या संख्यांनाही हाच नियम लावा

वाचकांच्या सोयीसाठी आपण लोकसंख्या कोटींत देता. एका दशांशात आपले कोष्टक असे होते: ९६.६, १७.२, २.८, २.१, ०.८, ०.४, ०.८ आणि ०.३. यांची बेरीज १२१.० येते. एकूण लोकसंख्या मात्र १२१.०८५ कोटी असल्यामुळे ती १२१.१ अशी लिहावी लागते. इथे एकूण आकडा १२१.० करू नये. एकूण ही स्वतंत्र मोजलेली संख्या आहे, तिचे राउंडिंग तिच्या स्वतःच्या मूळ आकड्यावरूनच व्हायला हवे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे टक्के कधीही या कोटींवरून काढू नयेत. जैन लोकसंख्या ०.४ कोटी धरून १२१.१ ने भागले तर ०.३३ टक्के येतात, प्रत्यक्षात ते ०.३७ आहेत. मोठ्या ओळीत असा फरक जाणवत नाही, लहान ओळ मात्र पार बदलून जाते. म्हणून कोष्टकात कोटी दाखवले, तरी हिशेबाच्या फाइलमध्ये पूर्ण संख्या जपून ठेवाव्यात.

८. फरक राउंडिंगचाच आहे हे ठरल्यावर तळटीप द्या

वरच्या पायऱ्या पार केल्यानंतर जो फरक उरतो, तो लपवण्याची गरज नसते. टक्के तसेच ठेवावेत, एकूण ओळीत १००.०० लिहावे आणि खाली एक वाक्य द्यावे: ‘दशांश राउंड केल्यामुळे टक्क्यांची बेरीज १०० पेक्षा किंचित कमी-जास्त येऊ शकते.’ एकूण ओळीत १००.०२ लिहू नये. कारण एकूण लोकसंख्या ही एकूण लोकसंख्येच्या शंभर टक्केच असते, तो आकडा वरच्या ओळी मिळवून आलेला नसतो.

दुसरा मार्ग दशांश कमी करण्याचा आहे. भारताचेच आकडे थेट संख्यांवरून एक दशांशात आणले, तर ७९.८, १४.२, २.३, १.७, ०.७, ०.४, ०.७ आणि ०.२ येतात आणि बेरीज नेमकी १००.० होते. सर्वसाधारण वाचकासाठीच्या लेखात एक दशांश बहुधा पुरतो. परंतु प्रत्येक कोष्टकात याने बेरीज जुळेलच, अशी खात्री नाही. शिवाय अनेक कोष्टके एकत्र देत असाल, तर सर्वांमध्ये दशांश सारखेच ठेवावेत. केवळ बेरीज जुळावी म्हणून एका कोष्टकात एक आणि दुसऱ्यात दोन दशांश दिले, तर तुलना अवघड होते.

पूर्णांकांपर्यंत गेलात तर लहान ओळींची काळजी घ्या. जैनांचा ०.३७ टक्का राउंड होऊन शून्य होतो. पण कोष्टकात ० छापला तर तिथे कोणीच नाही, असा अर्थ होतो. अशा ठिकाणी ‘०.५ पेक्षा कमी’ असे लिहावे.

९. बेरीज शंभर करणे अनिवार्यच असेल, तर नियमाने करा

काही वेळा तळटीपेला जागा नसते. वर्तुळाकृती आलेख, माहितीपत्रक किंवा बेरीज १०० नसेल तर अर्ज न स्वीकारणारी संगणकीय प्रणाली, अशी ही ठिकाणे. तिथे मनाने एखादी ओळ बदलण्याऐवजी ‘मोठ्या शेषाची पद्धत’ वापरावी. अमेरिकेत लोकप्रतिनिधींच्या जागा राज्यांत वाटण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हीच पद्धत सुचवली होती. ती तीन टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात सर्व टक्के दोन दशांशांनंतर सरळ तोडा, वर नेऊ नका. आपल्या कोष्टकात ७९.७९, १४.२२, २.२९, १.७२, ०.६९, ०.३६, ०.६५ आणि ०.२३ उरतात. यांची बेरीज ९९.९५. म्हणजे पाच शतांश वाटायचे शिल्लक आहेत.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक ओळीत तोडलेला भाग किती होता, ते शतांशाच्या हिश्श्यांत लिहा. हिंदू ०.९६, जैन ०.७७, ख्रिश्चन ०.७५, बौद्ध ०.७३, न नोंदवलेले ०.६८, इतर ०.५५, मुस्लिम ०.५१, शीख ०.०५.

तिसऱ्या टप्प्यात सर्वांत मोठा शेष असलेल्या पहिल्या पाच ओळींना प्रत्येकी एक शतांश द्या. त्यामुळे हिंदू ७९.८०, जैन ०.३७, ख्रिश्चन २.३०, बौद्ध ०.७० आणि न नोंदवलेले ०.२४ होतात. उरलेल्या तीन ओळी तोडलेल्या स्थितीतच राहतात: इतर ०.६५, मुस्लिम १४.२२, शीख १.७२. बेरीज बरोबर १००.०० येते आणि कोणतीही ओळ आपल्या खऱ्या टक्क्यापासून एक शतांशाइतकीही दूर जात नाही.

याची किंमतही पाहून ठेवा. मुस्लिमांचा १४.२२ आणि इतरांचा ०.६५ हे दोन टक्के आता जनगणनेच्या प्रसिद्ध टक्क्यांशी जुळत नाहीत. वाचकाने मूळ कोष्टक शेजारी ठेवले, तर त्याला ही आपली चूक वाटेल. म्हणून असे कोष्टक ‘जनगणनेचे टक्के’ म्हणून छापू नये. ‘बेरीज १०० व्हावी म्हणून टक्के समायोजित केले आहेत’ असे कुठेतरी नोंदवावे, आणि नक्कल करून दिलेल्या कोष्टकात तर ही पद्धत मुळीच वापरू नये.

सगळा फरक सर्वांत मोठ्या ओळीतून वजा करण्याची सोपी पद्धतही रूढ आहे. तिच्यात हिंदूंचा टक्का ७९.७८ होतो. ७९.७९९६ चे ७९.७८ कोणत्याही राउंडिंगने होत नाही, त्यामुळे तो आकडा उघड चुकीचा ठरतो. भारताच्या लोकसंख्येत एक शतांश टक्का म्हणजे सुमारे १ लाख २१ हजार माणसे, तेव्हा दोन शतांश म्हणजे २ लाख ४२ हजार माणसे एकाच ओळीतून कमी दाखवली गेली, असा त्याचा अर्थ होतो.

१०. छपाईला देण्यापूर्वी या क्रमाने पडताळा

मजकूर पानावर मांडून आला की कोष्टक पुन्हा एकदा तपासावे लागते, कारण जुळणी करताना दशांश चिन्ह सरकते, शेवटचे शून्य गळते आणि ७९.८० चे ७९.८ होते. आधी मुद्रितातल्या पूर्ण संख्या पुन्हा टाइप करून बेरीज जुळते का, ते पाहा. जुन्या फाइलमधून त्या उचलून आणल्या तर मुद्रितातली चूक सापडणार नाही. मग प्रत्येक टक्का हिशेबाच्या फाइलमधल्या टक्क्याशी ताडा आणि सर्व ओळींत दशांश सारखे आहेत का, ते बघा. एकूण ओळीत १००.०० आणि खाली तळटीप आहे, याची खात्री करा.

शेवटी कोष्टकाच्या आसपासचा मजकूर वाचा. कोष्टकात १४.२३ आणि परिच्छेदात ‘१४.२ टक्के’ असे चालते, कारण दोन्ही एकाच संख्येवरून आले आहेत. कोष्टकात १४.२३ आणि परिच्छेदात १४.२६ असेल, तर लिहिताना कुठेतरी पाया बदलला आहे, असे समजून तिसऱ्या पायरीवर परत जावे. हिशेबाची फाइल पुस्तक छापून झाल्यावरही जपून ठेवा. ‘तुमची बेरीज १००.०२ का येते’ असे वाचकाने विचारले, तर चार दशांशांचा तो स्तंभ त्याला दाखवला की पुरते.